टाकीच्या भिंतीवरचा चटका

मोठ्या उपकेंद्रातल्या एखाद्या जुन्या ट्रान्सफॉर्मरची टाकी नीट न्याहाळली, तर कधी कधी एक विचित्र गोष्ट नजरेस पडते. टाकीचे दोन भाग जिथे जोडलेले असतात, त्या फ्लँजवर ओळीने बोल्ट असतात. त्यातल्या दोन-चार बोल्टांभोवतीचा राखाडी रंग तपकिरी पडलेला असतो, कुठे फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले असतात. शेजारचे बोल्ट मात्र कारखान्यातून आले तसेच. या बोल्टांना कुठलीही तार जोडलेली नाही. टाकीला अर्थिंग केलेलं आहे, तिच्यातून वीज वाहावी अशी कुणाचीच अपेक्षा नाही. तरीही हे बोल्ट इतके तापतात की थर्मल कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते लख्ख ठिपके होऊन उमटतात. पुढे गॅस्केट करपतं आणि तिथून तेल पाझरू लागतं.

ही उष्णता येते ती ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याबाहेर फिरणाऱ्या चुंबकीय फ्लक्समधून. शाळेच्या पुस्तकातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये सगळा फ्लक्स लोखंडी गाभ्यातून शहाण्यासारखा जातो. प्रत्यक्षात गाभ्याच्या पायावर दोन वाइंडिंग एकाबाहेर एक बसवलेली असतात: आत कमी व्होल्टेजचं, बाहेर जास्त व्होल्टेजचं. लोड आला की दोन्हींतले प्रवाह एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. गाभ्याच्या आत त्यांचा चुंबकीय परिणाम जवळजवळ फिटतो, पण दोन वाइंडिंगच्या मधल्या फटीत तो एकमेकांत मिळतो. तिथे एक उभं, जोरकस क्षेत्र तयार होतं. हाच लीकेज फ्लक्स. वाइंडिंगची उंची संपते तिथे त्याला सरळ जायला वाट उरत नाही. मग तो कारंज्यासारखा पसरतो: थोडा आत गाभ्याकडे, थोडा वर क्लॅम्पकडे आणि उरलेला बाहेर टाकीच्या भिंतीकडे.

हा फ्लक्स किती असतो, याचा अंदाज ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवरच लिहिलेला असतो, फक्त तो तसा वाचायची सवय नसते. तिथे टक्के इम्पीडन्स नावाचा एक आकडा असतो. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तो १२ ते १५ टक्क्यांच्या घरात असणं नेहमीचं आहे. पूर्ण लोडवर गाभ्यातल्या मुख्य फ्लक्सच्या तुलनेत लीकेज फ्लक्स साधारण किती, हेच तो आकडा सांगतो. समजा २०० एमव्हीएचा तीन फेजचा ट्रान्सफॉर्मर आहे, त्याच्या वाइंडिंगच्या एका वेढ्याला २०० व्होल्ट येतात आणि इम्पीडन्स १५ टक्के आहे. ५० हर्ट्झवर गाभ्यातला फ्लक्स होतो सुमारे ०.९ वेबर. त्याचे १५ टक्के म्हणजे ०.१३५ वेबर एवढा लीकेज फ्लक्स प्रत्येक फेजभोवती, सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होत असतो. वाइंडिंगची उंची १.८ मीटर धरली, तर मधल्या फटीतलं क्षेत्र ०.३३ टेस्लापर्यंत चढतं. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या ते आठ हजार पटीच्या आसपास भरतं.

गल्लीतल्या खांबावरच्या १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये या सगळ्याची फारशी फिकीर करावी लागत नाही. त्यातले प्रवाह आणि वेढे दोन्ही माफक, त्यामुळे लीकेज क्षेत्र दुबळं असतं. रेटिंग वाढत जातं तसे अँपिअर-वेढे वाइंडिंगच्या उंचीपेक्षा भराभर वाढतात आणि क्षेत्र तीव्र होत जातं. म्हणूनच टाकी आणि क्लॅम्पच्या तापण्याचा प्रश्न हा मुख्यतः थोराड ट्रान्सफॉर्मरांचा प्रश्न आहे.

फ्लक्स नुसता हवेतून किंवा तेलातून गेला तर काहीच बिघडत नाही. तो लोखंडात शिरला की गडबड सुरू होते. टाकी साध्या माइल्ड स्टीलची असते. हे स्टील चुंबकीय आहे, म्हणून फ्लक्सला ओढून घेतं, आणि वीजवाहकही आहे, म्हणून बदलत्या फ्लक्सभोवती त्यात भोवरा प्रवाह उठतात. वर्कशॉपमध्ये त्यांना एडी करंट म्हणतात. हे प्रवाह फ्लक्सला पत्र्यात खोल शिरू देत नाहीत. ५० हर्ट्झला आणि नेहमीच्या चुंबकीय अवस्थेत माइल्ड स्टीलमध्ये फ्लक्सची मुख्य मजल असते २.७ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे टाकीचा पत्रा १० मिलिमीटर जाड असला, तरी फ्लक्स आणि प्रवाह दोन्ही आतल्या पृष्ठभागाच्या पातळ सालीत दाटीवाटीने कोंबलेले असतात. पत्रा आणखी जाड केला म्हणून तोटा कमी होत नाही.

आता खरी अडचण. ट्रान्सफॉर्मर कारखान्यातून निघण्यापूर्वी त्याचा लोड लॉस मोजतात. एका बाजूचं वाइंडिंग शॉर्ट करतात आणि दुसऱ्या बाजूला इतकंच व्होल्टेज देतात की पूर्ण प्रवाह वाहील. या अवस्थेत गाभ्यातला मुख्य फ्लक्स अगदी कमी, पण लीकेज फ्लक्स मात्र पूर्ण असतो. मोजलेल्या वॉटमधून वाइंडिंगच्या डीसी रेझिस्टन्सचा हिशेब वजा केला की जे उरतं तो स्ट्रे लॉस. त्यात वाइंडिंगमधले भोवरा प्रवाह, टाकी, क्लॅम्प, सगळंच आलं. इथे एक गमतीची गोष्ट घडते. मोजलेले आकडे ७५ अंश सेल्सिअस या संदर्भ तापमानाला आणताना तांब्याच्या रेझिस्टन्सचा भाग वाढवावा लागतो आणि स्ट्रे लॉसचा भाग कमी करावा लागतो. ३० अंशांना चाचणी झाली असेल, तर पहिला भाग सुमारे १७ टक्क्यांनी वर जातो आणि दुसरा सुमारे १५ टक्क्यांनी खाली येतो. धातू तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि भोवरा प्रवाहांचा जोर ओसरतो, म्हणून.

पण ही चाचणी सगळ्या ट्रान्सफॉर्मरचा मिळून एकच आकडा देते. समजा त्या २०० एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तांब्याचा तोटा ४०० किलोवॉट आणि स्ट्रे लॉस ८० किलोवॉट आला, ठरलेल्या मर्यादेत बसला आणि सगळे समाधानाने घरी गेले. आता टाकीच्या भिंतीवर २० सेंटिमीटर बाय २० सेंटिमीटरचा एक तुकडा असा आहे, की जिथे फ्लक्स एकवटतो आणि ५०० वॉट निर्माण होतात. ५०० वॉट म्हणजे एकूण ४८० किलोवॉटच्या एक हजारांश. मोजमापातली अनिश्चितताच याहून मोठी असते, त्यामुळे हा तुकडा कागदावर दिसणं शक्य नाही. मात्र चौरस मीटरच्या हिशेबात ते साडेबारा किलोवॉट होतात. आतून तेल आणि बाहेरून हवा जेवढी उष्णता नेऊ शकतात, आणि पत्र्यातून आजूबाजूला जेवढी पसरते, ती सगळी धरूनही हा तुकडा तेलापेक्षा ढोबळमानाने ७० अंशांनी तापतो. टाकीतलं वरचं तेल ८० अंशांना असेल तर तुकडा १५० अंशांवर पोहोचला. ट्रान्सफॉर्मरवर किती लोड द्यावा याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मानकात अशा धातूच्या भागांसाठी नेहमीच्या वापरात १४० अंशांची मर्यादा दिलेली आहे. वाइंडिंगच्या कागदासाठी ती आणखी कमी, १२० अंश आहे. वीजबिलाच्या दृष्टीने नगण्य असलेला तोटा तापमानाच्या दृष्टीने मर्यादेबाहेर जातो तो असा.

भिंत निदान बाहेरून दिसते. क्लॅम्प दिसत नाहीत, आणि तेच फ्लक्सच्या जास्त जवळ असतात. गाभ्याच्या वरच्या आणि खालच्या आडव्या भागाला योक म्हणतात. योकच्या दोन्ही अंगांना लांबलचक पोलादी क्लॅम्प असतात, ते पत्र्यांची चळत आवळून धरतात आणि वाइंडिंगवर दाबही ठेवतात. वाइंडिंगच्या टोकातून पसरणारा फ्लक्स सरळ यांच्यावर येऊन आदळतो. गाभ्याचा पाय आणि आतलं वाइंडिंग यांच्यामध्ये फ्लिच प्लेट नावाच्या उभ्या पट्ट्या असतात. वरचे आणि खालचे क्लॅम्प त्यांनी एकमेकांना बांधलेले असतात आणि ट्रान्सफॉर्मर उचलताना सगळं वजन त्याच पेलतात. त्या वाइंडिंगला अगदी खेटून असल्यामुळे आकाराने किरकोळ असूनही धोक्याच्या. मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या करतात आणि टोकांकडच्या भागात त्यांना उभ्या लांब खाचा पाडतात, म्हणजे भोवरा प्रवाहांना फिरायला रुंद जागा मिळत नाही. खाचांमुळे पट्टीची ताकद कमी होते, त्यामुळे किती खाचा पाडायच्या हे ठरवताना यांत्रिक आणि चुंबकीय हिशेबांची ओढाताण चालते.

टाकीसाठीचा उपाय मात्र वेगळ्या वळणाचा आहे. फ्लक्स अडवायचा नाही, त्याला वाट काढून द्यायची. शेतात पाणी सैरावैरा पसरून माती वाहून नेत असेल, तर शेतकरी पाट काढून ते बांधाकडेने नेतो. चुंबकीय शंट हा फ्लक्ससाठी काढलेला तसाच पाट आहे. गाभ्यासाठी जो सिलिकॉन स्टीलचा पत्रा वापरतात, सीआरजीओ नावाने ओळखला जाणारा, त्याच्याच पट्ट्यांची चळत करून ती टाकीच्या भिंतीला आतून उभी बसवतात. हा पत्रा साधारण ०.२३ ते ०.३ मिलिमीटर जाडीचा असतो, त्यावर विद्युतरोधक लेप असतो आणि लांबीच्या दिशेने तो फ्लक्सला साध्या स्टीलपेक्षा कितीतरी सहज वाहू देतो. फ्लक्स शंटच्या एका टोकाकडे शिरतो, उभा वाहत दुसऱ्या टोकाकडे जातो आणि तिथून वाइंडिंगकडे परततो. मागच्या टाकीच्या पत्र्यापर्यंत तो फारसा जातच नाही. पातळ, एकमेकांपासून अलग पत्र्यांत मोठे भोवरे उठू शकत नाहीत, म्हणून शंटमधला स्वतःचा तोटा थोडाच असतो.

शंट किती जाड हवा, याचं गणित करून पाहण्यासारखं आहे. आपल्या ०.१३५ वेबरपैकी दहावा हिस्सा, म्हणजे ०.०१३५ वेबर, एका फेजसमोरच्या मीटरभर रुंद भिंतीवर येतो असं धरू. नुसत्या टाकीच्या स्टीलची २.७ मिलिमीटरची साल १.४ टेस्लाने भरली, तरी मीटरभर रुंदीत ती जेमतेम ०.००३८ वेबर वाहून नेते. म्हणजे साल कधीच तुडुंब भरून गेली, फ्लक्स आणखी आत घुसतो आणि तोटा वाढतो. त्याऐवजी सीआरजीओचा शंट दीड टेस्लापर्यंतच भरायचा असं ठरवलं, तर ०.०१३५ भागिले दीड म्हणजे ९ मिलिमीटर जाडी लागते. ०.२७ मिलिमीटरचे ३३-३४ पत्रे झाले. डिझाइनर त्याहून थोडे जास्तच ठेवेल, कारण ओव्हरलोडला फ्लक्सही वाढतो. शंट भरून वाहू लागला, तांत्रिक भाषेत सॅच्युरेट झाला, की जादा फ्लक्स सरळ मागच्या भिंतीत सांडतो आणि खर्च करून बसवलेला शंट ऐन गरजेच्या वेळी कुचकामी ठरतो.

जाडीची कसोटी शंटच्या मध्यावर लागते, कारण वरून आत आलेला सगळा फ्लक्स तिथे एकत्र वाहत असतो. लांबीची कसोटी टोकांना लागते. फ्लक्स भिंतीकडे सर्वांत जोरात येतो तो वाइंडिंगच्या टोकांच्या आसपास. तेव्हा शंट वाइंडिंगच्या उंचीपेक्षा वर आणि खाली दोन्हीकडे पुढे गेलेला हवा. तो आखूड ठेवला, तर शंटच्या टोकापलीकडच्या उघड्या भिंतीवर फ्लक्स जमतो आणि तिथे नवा गरम पट्टा तयार होतो. असाच प्रकार दोन शंटमधल्या अंतरांत होतो. व्हॉल्व्ह, पाइप, वाइंडिंगच्या लीड, टाकीचे आधार, या सगळ्यांसाठी जागा सोडावी लागते. कागदावर सलग दिसणारी शंटची रांग टाकीत उतरताना मधे मधे तुटते. पाटाला जिथे भगदाड, तिथेच पाणी फुटतं. अर्धवट शंट बसवल्याने एकूण तोटा घटतो, पण एखाद्या मोकळ्या जागेचं तापमान मुळातल्यापेक्षा वाढू शकतं. एकूण वॉटवर नजर ठेवणाऱ्याला हे समजायला वेळ लागतो.

पट्ट्या लावायच्या कशा, यावरही बरंच अवलंबून आहे. सोपी रीत म्हणजे पट्टीची रुंद बाजू वाइंडिंगकडे ठेवून चळत भिंतीला चिकटवणं. त्यात फ्लक्स पट्टीच्या सपाट अंगावर काटकोनात येतो आणि पहिल्या काही पत्र्यांत पट्टीच्या पूर्ण रुंदीचे भोवरे उठतात. म्हणून रुंद पत्र्याऐवजी अरुंद पट्ट्या शेजारी-शेजारी लावणं बरं. दुसऱ्या रीतीत पत्रे पुस्तकाच्या पानांसारखे कडेवर उभे करतात, म्हणजे फ्लक्स त्यांच्या पातळ कडेतून आत जातो आणि भोवऱ्यांना जागाच मिळत नाही. तोट्याच्या दृष्टीने ही रीत सरस, पण बनवायला आणि टाकीत घट्ट बसवायला जास्त खटाटोपाची. दोन्ही रीतींत एक काम विसरून चालत नाही: शंटच्या प्रत्येक पुडक्याला एका, आणि एकाच, जागी अर्थिंग. ते तुटलं तर पुडकं तरंगत्या व्होल्टेजवर राहतं आणि तेलात बारीक ठिणग्या उडू लागतात. चुकून दोन ठिकाणी जोडलं गेलं, तर त्या दोन जोडांमधून बंद वळसा तयार होऊन त्यात प्रवाह फिरू शकतो. शिवाय पुडकं सैल राहिलं तर लोडबरोबर त्याची गुणगुण वाढते.

शंटला पर्याय म्हणून काही कारखाने भिंतीवर आतून ॲल्युमिनियमचे जाड पत्रे लावतात. यांचं काम अगदी उलट्या तत्त्वावर चालतं. ॲल्युमिनियम उत्तम वीजवाहक, त्यामुळे त्यात जोरदार भोवरा प्रवाह उठतात आणि ते फ्लक्सला मागे ढकलतात. ५० हर्ट्झला ॲल्युमिनियममध्ये फ्लक्सची मजल १३ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून पत्रा साधारण तितका जाड हवा. त्याहून बराच पातळ लावला तर फ्लक्स मागे झिरपतो आणि ॲल्युमिनियम स्वतःही तापतं. ढकललेला फ्लक्स कुठेतरी जाणारच, आणि तो पत्र्याच्या कडांना जमतो. हजारो अँपिअर वाहून नेणाऱ्या लीड भिंतीजवळून जातात तिथे हा उपाय शोभतो, कारण तिथे फ्लक्सची दिशा सगळीकडे सारखी नसते आणि उभ्या शंटचा उपयोग मर्यादित राहतो. वाइंडिंगसमोरच्या भिंतीसाठी शंट अधिक पटतो. क्लॅम्पच्या बाबतीतही दोन्ही मार्ग वापरात आहेत. वाइंडिंगची टोकं आणि क्लॅम्प यांच्यामध्ये सिलिकॉन स्टीलचं कडं ठेवून फ्लक्स योकमध्ये वळवतात, किंवा क्लॅम्पच्या अंगावर वाहक पत्र्याचं चिलखत चढवतात.

हे सगळं आधी गणिताने कळावं म्हणून अनेक दशकं खटपट चालली आहे. पोलंडमधल्या वुज शहरातले प्राध्यापक यानुश तुरोव्स्की यांनी स्टीलच्या पृष्ठभागावरच्या तोट्याची व्यवहारात वापरता येतील अशी सूत्रं मांडली. स्टीलची चुंबकीय वागणूक सरळ रेषेत नसते. साध्या गणितातून येणाऱ्या तोट्याला १.४ ने गुणून ती त्रुटी ढोबळपणे भरून काढायची, ही त्यांची युक्ती अजून हिशेबात येते. चीनमधल्या बाओडिंगच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यातले चेंग झिग्वांग यांनी १९९३ साली एक कसोटीचा प्रश्न जगापुढे ठेवला: दोन कॉइल, त्यांसमोर स्टीलचे पत्रे, आणि प्रत्यक्ष मोजलेला तोटा. संगणकावर क्षेत्र काढणाऱ्यांनी आपलं उत्तर त्याच्याशी पडताळायचं. पुढे त्याच मालिकेत शंट आणि तांब्याचे पत्रे लावलेली रूपंही आली. मुंबईत पवईच्या आयआयटीतले एस. व्ही. कुलकर्णी आणि एस. ए. खापर्डे यांच्या २००४ सालच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या इंग्रजी ग्रंथात टाकी, क्लॅम्प आणि फ्लिच प्लेटमधल्या तोट्यांवर एक आख्खं प्रकरण आहे. कुलकर्णी त्याआधी क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जमध्ये ट्रान्सफॉर्मरच्याच कामात होते. जगभरचे डिझाइनर ते पुस्तक हाताशी ठेवतात. कारखान्यातली अडचण आणि वर्गातलं गणित यांचा असा मेळ क्वचित जमतो.

गणित झालं तरी शेवटी हात लावून पाहावंच लागतं. कारखान्यात ट्रान्सफॉर्मर कित्येक तास पूर्ण प्रवाहावर चालवून तापमानवाढीची चाचणी घेतात, तेव्हा टाकीभोवती थर्मल कॅमेरा फिरवतात. चाचणीच्या आधी आणि नंतर तेलाचा नमुना घेऊन त्यात विरघळलेले वायू तपासतात. आतला एखादा क्लॅम्प करपत असेल तर त्याची खबर कॅमेरा देणार नाही, पण तेल देतं. धातूला टेकलेलं तेल तापून फुटतं तेव्हा मिथेन, इथेन आणि तापमान चढत गेलं की मुख्यतः एथिलीन वाढतं. कागद होरपळत असेल तर कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइडही वाढतात. उघड्या धातूच्या तापण्यात ते जवळपास जागच्या जागी राहतात.

चालू ट्रान्सफॉर्मरमध्ये एथिलीन वाढलेलं दिसलं, तर पहिला प्रश्न असा: हे लोडबरोबर वाढतंय की व्होल्टेजबरोबर? गाभ्यातला दोष, म्हणजे पत्रे एकमेकांना चिकटणं वगैरे, व्होल्टेज आहे तोवर चालूच राहतो, लोड असो वा नसो. स्ट्रे फ्लक्सची उष्णता प्रवाहाच्या साधारण वर्गात बदलते. लोड २० टक्क्यांनी वाढला तर ती ४४ टक्क्यांनी वाढते, आणि रात्री लोड उतरला की टाकीवरचा ठिपकाही मावळतो. मात्र वाइंडिंगच्या लीडचा सैल जोडही लोडबरोबरच तापतो. म्हणून संधी मिळताच वाइंडिंगचा रेझिस्टन्स मोजून आधीच्या आकड्यांशी ताडून पाहतात. तो बदललेला नसेल, तर संशय क्लॅम्प, टाकी आणि शंटकडे वळतो. एथिलीनच्या जोडीला ॲसिटिलीनही दिसत असेल, तर शंटचं अर्थिंग सुटलंय का हेही पाहावं लागतं. थर्मल कॅमेरा दुपारी बाराला फिरवू नये, हे सांगायला नको. उन्हाने तापलेली टाकी काहीही दाखवते. शिवाय चकचकीत उघडा धातू कॅमेऱ्याला फसवतो, प्रत्यक्षापेक्षा थंड दिसतो. रंगवलेल्या भागावरचं वाचन त्या मानाने विश्वासाचं.

सुरुवातीला पाहिलेले फ्लँजचे बोल्ट याच घराण्यातले. टाकीच्या पत्र्यात उठलेले भोवरा प्रवाह एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ पाहतात, पण मधे रबराचं गॅस्केट आहे. बोल्ट हा तेवढा एकच पूल. प्रवाह सगळ्या बोल्टांत सारखा वाटला जात नाही. जे वाइंडिंगच्या समोर आणि ज्यांचा संपर्क चांगला, त्यांच्या वाट्याला जास्त येतो, आणि बोल्टाच्या रंगलेल्या, गंजलेल्या टेकणीत तो उष्णता होऊन बसतो. यावरचा उपाय स्वस्त आहे. फ्लँजच्या दोन्ही अंगांचा रंग खरवडून त्यांना तांब्याच्या जाड पट्ट्यांनी एकमेकांशी जोडायचं, म्हणजे प्रवाहाला सोपी वाट मिळते आणि बोल्ट सुटतो. पट्ट्या लावल्यावर त्याच लोडला पुन्हा कॅमेरा फिरवून पाहतात. ठिपका शेजारच्या बोल्टावर सरकला असेल तर तिथेही पट्टी.

प्रवाहात हार्मोनिक असतील तर हिशेब आणखी चढतो. चंद्रपूरहून कल्याणजवळच्या पडघ्यापर्यंत १९९९ पासून ५०० किलोव्होल्टची डीसी वाहिनी आहे, १५०० मेगावॉट नेणारी. अशा वाहिनीच्या दोन्ही टोकांना कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर लागतात आणि त्यांच्या वाइंडिंगमधला प्रवाह नितळ साइन लहरीचा नसतो. टाकी आणि क्लॅम्पमधला तोटा वारंवारतेच्या ०.८ घाताने वाढतो, असं मानकांत धरलेलं आहे. म्हणजे ५० हर्ट्झच्या एका अँपिअरने जेवढा तोटा होतो, त्याच्या सुमारे ३.६ पट पाचव्या हार्मोनिकच्या एका अँपिअरने होतो. साध्या शॉर्ट-सर्किट चाचणीत ५० हर्ट्झच असल्यामुळे खरी उष्णता दिसत नाही. म्हणून या ट्रान्सफॉर्मरांच्या चाचणीत प्रवाह हिशेबाने वाढवून देतात, म्हणजे हार्मोनिकचा भार त्यात धरला जातो.

बसवून झालेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शंटची त्रुटी आढळली, तर हाताशी मार्ग थोडेच उरतात. शंट टाकीच्या आत आहेत. त्यांना हात लावायचा तर तेल उतरवायचं, टाकी उघडायची, काम संपल्यावर आतला ओलावा पुन्हा बाहेर काढायचा. एवढा काळ उपकेंद्र त्या ट्रान्सफॉर्मरविना चालवायचं. त्यामुळे गरम ठिपका टाकीच्या भिंतीवर असेल आणि तापमान मर्यादेच्या आत राखता येत असेल, तर बाहेरून त्या जागेवर पंख्याचा वारा सोडतात, लोडला वेसण घालतात आणि तेलाच्या तपासणीचा पाळा वर्षावरून महिन्यावर आणतात. वायूंची वाढ त्यानेही थांबली नाही, की मग कारखान्याला बोलावून टाकी उघडण्याची तारीख ठरते.